बॅकफ्लशमध्ये रॉ अँड इन-प्रोसेस खात्यातून फिनिश्ड गुड्सला किती रक्कम न्यायची?

प्रश्न: «आमच्या जेआयटी प्लांटमध्ये डब्ल्यूआयपी खातं वेगळं नाही, एकच रॉ अँड इन-प्रोसेस खातं आहे. महिनाअखेरीला त्यातून फिनिश्ड गुड्सला किती रक्कम न्यायची? मजुरी-ओव्हरहेड कुठे धरायचे?»

आधी फक्त मटेरियल हलवा. मजुरी आणि ओव्हरहेड महिनाभर थेट कॉस्ट ऑफ गुड्स सोल्डला डेबिट होतात, त्यांचा हिशेब शेवटी जुळवायचा. (याचे इतर प्रकारही आहेत, पण तुम्ही सांगताय ती रचना साधारण अशीच असते.)

उदाहरणाला आकडे घेतो. रॉ अँड इन-प्रोसेस म्हणजे आरआयपीमध्ये सुरुवातीला ६०,००० रुपये, त्यात मटेरियल ५२,००० आणि कन्व्हर्जन, म्हणजे मजुरी-ओव्हरहेड, ८,०००. महिन्यात ९,४०,०००ची खरेदी झाली: आरआयपी डेबिट, सप्लायर क्रेडिट. महिनाअखेरीला लाइनवर मोजणी केली तर मटेरियल ६३,०००चं निघालं आणि त्यावर झालेल्या कामाचा अंदाज १२,०००. म्हणजे वापरलेलं मटेरियल ५२,००० + ९,४०,००० − ६३,००० = ९,२९,०००. एंट्री: फिनिश्ड गुड्स डेबिट, आरआयपी क्रेडिट. इश्यू स्लिप एकही लागली नाही, रक्कम उलट्या बाजूने काढली.

फिनिश्ड गुड्सचंही तसंच. सुरुवातीचं मटेरियल ६५,०००, शेवटचं ५२,०००, तर कॉस्ट ऑफ गुड्स सोल्डमध्ये जाणार ९,४२,०००.

आता कन्व्हर्जन. आरआयपीतलं ८,०००वरून १२,०००वर गेलं, म्हणून ४,००० आरआयपी डेबिट, कॉस्ट ऑफ गुड्स सोल्ड क्रेडिट. फिनिश्ड गुड्समधलं ३५,०००वरून २८,०००वर उतरलं असेल तर ७,०००ची उलटी एंट्री. ही पायरी बरेच जण गाळतात. पण इंड एएस २ प्रमाणे साठ्याच्या किमतीत कन्व्हर्जनचा खर्च यावाच लागतो, त्यामुळे किमान ताळेबंदाच्या तारखेला ती हवीच. महिन्याचा कन्व्हर्जन खर्च ४,५०,००० असेल तर कॉस्ट ऑफ गुड्स सोल्ड ४,५०,००० + ९,४२,००० − ४,००० + ७,००० = १३,९५,०००.

खरी गोम त्या ९,२९,०००मध्ये आहे. ही वजाबाकी करून आलेली रक्कम, त्यामुळे रिजेक्ट होऊन भंगारात गेलेला मालही ‘वापरला’ म्हणूनच पुढे जातो आणि एंट्री बिनबोभाट जुळते. म्हणून मी शेजारी बीओएमचा हिशेब मांडतो. समजा ९,२०० नग तयार झाले आणि एका नगाचं मटेरियल १०० रुपये, तर ९,२०,०००च लागायला हवे होते. वरचे ९,००० कुठे गेले ते स्क्रॅप नोंदी, बीओएममधली जुनी मात्रा आणि मोजणी या क्रमाने बघा. बहुतेक वेळा शिफ्टने स्क्रॅप नोंदवलेलंच नसतं. असाधारण नुकसान निघालं तर ते साठ्यात धरू नका, थेट खर्चात टाका.

लाइनवर चार-पाच दिवसांपेक्षा जास्त माल पडून राहत असेल, किंवा साठा महिन्यागणिक खूप वर-खाली होत असेल, तर डब्ल्यूआयपी खातं परत उघडलेलंच बरं. अशा प्लांटमध्ये अंदाजाची चूक थेट नफ्यात दिसते.