अ‍ॅपमधून माझी माहिती फुटली असा दाट संशय आहे, पण कंपनी काहीच कबूल करत नाही. तक्रार कशी लिहू आणि काय मागू?

आधी त्या मदतीच्या चॅटमधल्या पोराशी भांडणं थांबवा. त्याला खरंच काही माहीत नसतं, आणि तक्रारीचं तिकीट बंद झालं की बऱ्याचदा तो संवादही आपल्याला दिसेनासा होतो. अ‍ॅपच्या प्रायव्हसी पॉलिसीत अगदी तळाशी तक्रार अधिकाऱ्याचा किंवा डेटा संरक्षण अधिकाऱ्याचा ईमेल असतो, तिथे लिहा.

माझं सांगतो. दुपारी एक फोन आला. एका खरेदीच्या अ‍ॅपचं नाव घेऊन बाई म्हणाल्या, तुमचा रिफंड अडकलाय, ओटीपी सांगा. असले फोन सगळ्यांनाच येतात, मी ठेवणारच होतो. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "बेल बंद आहे, मागच्या जिन्याने यायचं, तेच घर ना?"

हे वाक्य माझंच होतं. डिलिव्हरीवाल्यासाठी सूचना लिहायचा जो रकाना असतो, त्यात मी ते टाइप केलं होतं. इतर कुठल्याही अ‍ॅपमध्ये नाही. बेल दुरुस्त झाल्यावर मी ती सूचना काढूनही टाकली होती. शिवाय फोन आला तो जुन्या सिमवर, आणि त्या अ‍ॅपमध्ये मी नंबर कधीच बदलला होता.

थोरल्या भावाला सांगितलं तर तो हसला. "नंबर आणि पत्ता काय, जगभर असतोच. कार्ड गेलं का? नाही ना? मग अकाउंट डिलीट कर आणि मोकळा हो." दादाचं हे पहिल्यापासूनचं तत्त्वज्ञान. बँकेचे पैसे गेले तरच चोरी, बाकी सगळा बाऊ.

मी पहिली तक्रार केली तेव्हा उत्तर आलं की ग्राहकांची सुरक्षितता आमच्यासाठी सर्वोच्च आहे, तुमच्या पेमेंटची माहिती सुरक्षित आहे, गैरवापराचा कोणताही पुरावा आढळलेला नाही. पेमेंटबद्दल मी विचारलंच नव्हतं! आणि पुरावा आढळला नाही म्हणजे गैरवापर झाला नाही, असं होत नाही. कोण कधी आत शिरलं याचे पुरेसे लॉग ठेवलेच नसतील तर पुरावा आढळणार कुठून?

मग मी शांतपणे बसून तारखा लावल्या. बेलची सूचना पहिल्यांदा कुठल्या ऑर्डरवर गेली ते ऑर्डरच्या इतिहासात सापडलं. नंबर बदलल्यावर अ‍ॅपने पाठवलेला मेलही सापडला. चोरांकडे ती सूचना होती आणि नंबर जुना होता, म्हणजे माहितीची प्रत या दोन तारखांच्या मधली. आज त्यांच्या चालू सर्व्हरवर ही जोडी अस्तित्वातच नाही. म्हणजे कुणाकडे तरी पडलेला जुना बॅकअप, नाहीतर बाहेरच्या एखाद्या कंपनीला दिलेली प्रत. दुसऱ्या पत्रात मी हेच लिहिलं, दोन्ही पुरावे जोडले आणि विचारलं, या काळातली प्रत कुणाकुणाकडे होती?

यावर मात्र उत्तराचा सूर बदलला. डिलिव्हरीचं काम बघणाऱ्या एका सेवा पुरवठादाराकडच्या जुन्या प्रतीत "अनधिकृत प्रवेश झाल्याची शक्यता" असल्याचं त्यांनी मान्य केलं. नाव, नंबर, पत्ता आणि सूचना. पासवर्ड त्यात नव्हते.

तेव्हा तुम्हीही तुमच्याकडची अशी शिळी माहिती शोधा. जुना पत्ता, चुकीचं स्पेलिंग, बदललेला नंबर, जे काही फसव्या मेसेजमध्ये डोकावलं असेल ते. माझी माहिती फुटली असं नुसतं लिहिलंत तर तुम्ही पासवर्ड दुसरीकडे वापरला असेल म्हणून परत पाठवतील.

प्रश्न थोडे पण नेमके विचारा. माझ्या खात्यातले नेमके कुठले रकाने गेले? कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत दार उघडं होतं, आणि तुम्हाला कधी कळलं? प्रत तुमच्याकडून गेली की पुरवठादाराकडून? पासवर्ड गेले असतील तर ते कुठल्या पद्धतीने हॅश केले होते, म्हणजे उलटं वाचता न येणाऱ्या रूपात बदलून ठेवले होते? "एन्क्रिप्टेड होते" या उत्तरावर समाधान मानू नका. एमडी५ ही जुनी पद्धत असेल तर साधे पासवर्ड बघता बघता निघतात, बीक्रिप्ट असेल तर चोराला बराच घाम गाळावा लागतो. आणि जुने लॉगिन टोकन, म्हणजे पुन्हा पासवर्ड न मागता आत सोडणारे परवाने, रद्द केले का, हेही विचारा. ते जिवंत असतील तर नुसता पासवर्ड बदलून भागेलच असं नाही.

उपाय म्हणून मला मिळालं ते असं: सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट, जुने पत्ते पुसणं, आणि पुरवठादाराकडची प्रत नष्ट केल्याचं लेखी पत्र. पैसे मिळाले नाहीत. पहिल्या पत्रात पैसे मागूच नयेत असं माझं ठाम मत आहे. रक्कम दिसली की पत्र वकिलांच्या टेबलावर जातं आणि माहिती येणं थांबतं. आधी कबुली घ्या, मागणी नंतर.

आणि अकाउंट डिलीट करू नका! दादाचा सल्ला ऐकला असता तर ऑर्डरचा इतिहास गेला असता, तारखा गेल्या असत्या, आणि कंपनीने आनंदाने कळवलं असतं की आपली कोणतीही नोंद आमच्याकडे नाही. आधी तुमच्याबद्दल त्यांच्याकडे काय काय आहे त्याची प्रत मागा, ती हातात येऊ द्या, प्रश्नांची उत्तरं येऊ द्या, मग खुशाल डिलीट करा. राहिला "पत्ता काय, जगभर असतोच" हा मुद्दा. फोनवर ओटीपी मागणाऱ्याला आपण ओळखत नाही म्हणून वाचतो. त्याने आपल्या बंद बेलचा उल्लेख केला की तो कंपनीचा माणूस वाटायला लागतो. कार्ड ब्लॉक करून नवं घेता येतं, घर कुठे बदलणार? हे दादाला मी अनेकदा सांगितलंय, आता इथेही लिहून ठेवतो.

काही गोष्टी राहिल्या. पैसे गेले असतील तर पत्रबित्र नंतर, त्याच क्षणी बँक आणि सायबर पोलीस. फसवा मेल आला असेल तर नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही, मूळ मेल हेडरसकट, म्हणजे तो कुठून कसा आला याच्या नोंदींसकट, जपून ठेवा. फुटलेला डेटा विकत घेऊन किंवा त्यांच्या सर्व्हरवर हात मारून खात्री करायला जाऊ नका, उलटे तुम्हीच अडकाल. प्रत्येक अ‍ॅपला `naav+kharedi@example.com` असा वेगळा शेपूटवाला ईमेल देणं चांगलं, पण सगळ्या मेल सेवांना ते चालत नाही आणि हुशार चोर ते शेपूट छाटूनही टाकतात.

कायद्याचं म्हणाल तर देशागणिक वेगळं. युरोपच्या जीडीपीआर या डेटा संरक्षण कायद्यात कंपनीने माहिती फुटल्याचं कळल्यापासून शक्यतो ७२ तासांत नियामकाला सांगायचं असतं, पण ग्राहकाला सांगणं धोका मोठा असेल तरच बंधनकारक. त्यामुळे तुम्हाला कुणी कळवलं नाही एवढ्यावरून नियम मोडला असं ठरत नाही. पत्राच्या शेवटी एवढंच विचारा: नियामकाला कळवलं का, कधी, आणि मला कळवायची गरज नाही हे कुणी आणि कशावरून ठरवलं? माझ्या बाबतीत सगळ्यात उशिरा आलेलं उत्तर याच प्रश्नाचं होतं.