भाजीवालीशी पाच रुपयांसाठी हुज्जत घालणारे लोक मोठ्या खरेदीत हात सैल का सोडतात?

याचे मुख्य कारण असे की आपले मन बचत निव्वळ रुपयांत मोजत नाही, तर वस्तूच्या किमतीच्या तुलनेत मोजते. सोलापूरच्या लक्ष्मी मंडईत २० रुपयांची मेथीची जुडी १५ ला मिळाली, तर पाव किंमत वाचते. त्याच संध्याकाळी नव्या पेठेत ३२,००० रुपयांचा फ्रिज घेताना वाढीव वॉरंटीचे २,००० रुपये जेमतेम सहा टक्के असतात, म्हणून ‘एवढे घेतोच आहोत, तर तेही असू द्या’ असे आपण सहज म्हणून जातो. मेथीवर रोज पाच रुपये वाचवले, तरी ते दोन हजार भरून यायला ४०० दिवस लागतील.

ट्वर्स्की आणि काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये हेच दाखवले. पाच डॉलर वाचवण्यासाठी वीस मिनिटांवरच्या दुकानात जाल का, असे विचारल्यावर कॅल्क्युलेटर १५ डॉलरचा असताना ६८ टक्के लोक तयार झाले, १२५ डॉलरचा असताना मात्र २९ टक्केच.

शिवाय मेथीचा भाव आपल्याला रोजचा पाठ असतो, वॉरंटीचा रास्त भाव कोणालाच ठाऊक नसतो. घासाघीस नेमकी अशा ठिकाणी होते, जिथे समोरच्या बाईची दिवसाची कमाईच तुटपुंजी असते, याचे मला फार वाईट वाटते. मोठ्या खरेदीत जोडीला येणारी प्रत्येक रक्कम वेगळी काढून, ‘केवळ हीच वस्तू घ्यायला मी दोन हजार घेऊन घराबाहेर पडलो असतो का?’ असे स्वतःला विचारावे.