घड्याळातल्या दोन वेळा: सायकलवाल्यांची प्रश्नोत्तरे

दर आठवड्याला तेच प्रश्न येतायत, शब्द तेवढे वेगळे. म्हणून यावेळी सगळे एकत्र घेतलेत.

राइड संपल्यावर मूव्हिंग टाइम आणि इलॅप्स्ड टाइम असे दोन आकडे येतात. खरा कुठला?

दोन्ही खरे. सायकल चालू होती तेवढा वेळ मूव्हिंग, आणि निघाल्यापासून पोचेपर्यंतचा सगळा वेळ, चहा-पंक्चर-सिग्नल धरून, तो इलॅप्स्ड.

१०० किमी केले, ॲप ॲव्हरेज २० दाखवतं. पण ६ ला निघून साडेबाराला पोचलो. ॲप चुकतंय का?

नाही. तुम्ही ५ तास चालवलीत आणि दीड तास थांबलात. १०० भागिले ५ म्हणजे २०, आणि १०० भागिले साडेसहा म्हणजे साधारण १५.४. थांबल्यावर किलोमीटर वाढत नाहीत आणि घड्याळ मात्र चालूच राहतं, म्हणून दुसरा आकडा पडतो. ॲप सहसा पहिलाच आकडा मोठ्या अक्षरात दाखवतं.

ग्रुपवर वाचलं की थांबल्यावर मोजणी आपोआप थांबवणारा ऑटो पॉज चालू ठेवला की बीआरएममध्ये थांबलेला वेळ धरत नाहीत.

साफ चूक. बीआरएम म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड, आणि तिचा वेळ आयोजकांच्या घड्याळावर चालतो, तुमच्या नाही. फॉरवर्ड वाचून असल्या गोष्टी ठरवू नका, शंका असेल तर थेट आयोजकांना फोन करा.

पहिली २०० ची बीआरएम आहे. ॲव्हरेज २० आहे म्हणजे १० तास, मिळतात साडेतेरा. दुकानदार म्हणतो कार्बन व्हील घ्या, ॲव्हरेज २२ होईल. घेऊ का?

आत्ता नको. हा हिशोब नीट मांडूया, कारण इथेच बरेच जण अडकतात आणि मला ते बघवत नाही. तुमच्याकडे थांबायला साडेतीन तास आहेत, खूप वाटतात ना? मोजा मग. नाश्ता ४० मिनिटं, जेवण १ तास, दोन कंट्रोलवर, म्हणजे शिक्का घ्यायच्या थांब्यांवर, २०-२०, दोन चहा १५-१५. झाले २ तास ५० मिनिटं, आणि यात कुणी आळशीपणा केलेला नाही, चारचौघं एकत्र बसली की एवढा वेळ जातोच. उरली ४० मिनिटं. एक पंक्चर, पंप सापडेना, ट्यूब बदलताना पिंच झाली, २५ गेली. आता १५ मिनिटांत उन्हातला थकवा आणि समोरचा वारा बसवायचाय.

शिवाय फक्त शेवटचीच वेळ पाळायची नसते, मधल्या कंट्रोललाही बंद व्हायची वेळ असते. १०० किमीवरचा कंट्रोल सुटल्यापासून ६ तास ४० मिनिटांनी बंद होतो. वरच्या साडेसहा तासवाल्यांना तिथे फक्त १० मिनिटं शिल्लक राहिली असती, आणि ॲप मात्र ॲव्हरेज २० असंच सांगत बसलं असतं.

आता व्हील. समजा दुकानदाराचं सगळं खरं झालं आणि २२ मिळाला (सपाटीवर या वेगाला फक्त व्हील बदलून पूर्ण दोनचा फरक मी तरी पाहिलेला नाही), तर १० तासांचे ९ तास ५ मिनिटं होतात. वाचली ५५ मिनिटं. त्याहून जास्त, ६५ मिनिटं, वाचतात नाश्ता २०, जेवण ३५ आणि कंट्रोल १०-१० वर आणलं की, खर्च शून्य. बाटल्या भरणं, शिक्का घेणं, खाणं ही कामं ओळीने ठरवून उतरा, मग फोन. फक्त पाणी आणि खाणं कापू नका, कापायचं ते नुसतं बसणं, आणि शुगर-बीपीवाल्यांनी थांबे कमी करायच्या आधी डॉक्टरांना विचारा. व्हीलचं नंतर बघू, तेही दुकानदाराला नाही तर आधी दोन-चार बीआरएम केलेल्या माणसाला विचारून.

४० किमीला अर्धा तास जास्त बसलो तर पुढे जोर लावून भरून निघतो ना?

बघा, २० ने ४० किमी म्हणजे २ तास, अधिक अर्धा तास. आता १०० किमी ५ तासांत हवे असतील तर उरलेले ६० अडीच तासांत, म्हणजे २४ ने. वेग २० चा २४ केला की वारा कापायला लागणारी ताकद साधारण पावणेदोन पट होते. तीन-चार किमी जमेल, ६० किमी नाही. गुडघा दुखायला लागला तर तिथेच सोडा आणि फिजिओला दाखवा.

घाट चढताना ऑटो पॉज सारखा लागतो आणि किलोमीटर कमी दिसतात.

ऑटो पॉज बंद करा. चढावर ५-६ चा वेग, वर झाडी, तिथे नुसत्या जीपीएसला तुम्ही उभे आहात असं वाटू शकतं. ओळखायचं कसं, तर राइडचा नकाशा मोठा करून बघा, वळणावर रेष सरळ कापून गेली असेल तर तिथले मीटर गेले. मूव्हिंग टाइम बहुतेक ॲप नंतर स्वतः काढतातच, पॉजची गरज नाही. चाकावर स्पीड सेन्सर लावला तर उत्तम, पण तो तुमच्या घड्याळाला जोडला जातो का ते घेण्याआधी विचारून घ्या.