चरासाठी वाळू मागवताना घनता कोणती धरायची?

पाइपच्या चरात भरायला किती टन वाळू लागेल, याचा तुमचा हिशोब पाहिला. तुम्ही चराचं माप बरोबर काढलंय, पण ते घनमीटर सैल वाळूच्या घनतेने गुणलेत, तिथे माल कमी पडणार. चरात वाळू धुम्मस करून दाबलेली असते, म्हणून गुणायचं दाबलेल्या घनतेने.

समजा चर 30 मीटर लांब, 0.6 मीटर रुंद आणि वाळूचा थर 0.3 मीटर. म्हणजे 5.4 घनमीटर. त्यात 160 मिलिमीटरचा पाइप पुरा बुडतोय, त्याचे साधारण 0.6 वजा करा. उरले 4.8. दाबलेली वाळू घनमीटरला सुमारे 1.8 टन भरते, म्हणजे 8.64 टन लागेल. सैल वाळूचे 1.5 टन धरले असते तर 7.2 टनच आली असती आणि दाबल्यावर फक्त 4 घनमीटर भरले असते.

सैल घनतेचा उपयोग गाडीसाठी. 8.64 भागिले 1.5, म्हणजे 5.76 घनमीटर, जवळपास 2 ब्रास. चर खणताना कडा ढासळतातच, म्हणून मी वर दहा टक्के धरतो.

हे आकडे कोरड्या वाळूचे आहेत. ओली वाळू काट्यावर पाण्याचंही वजन दाखवते; 5 टक्के ओल असेल तर 9 टनांहून थोडी जास्त घ्या. ब्रासने घेताना फसगत वेगळी: दमट वाळू फुगते, गाडी भरलेली दिसते, पण आत वाळू कमी असते. म्हणून ओल्या मोसमात काट्याची पावती मागाच. घनता तपासायला माप माहीत असलेली बादली आधी सैल भरून तोला, मग थराथराने ठोकून भरून तोला. तुमच्या खाणीची वाळू माझ्या आकड्यांपेक्षा वेगळी निघाली तर तुमचाच आकडा वापरा.