बचत खात्याचे व्याज: वाचकांची प्रश्नोत्तरे

सकाळी पैसे काढले आणि संध्याकाळी परत भरले, तर त्या दिवसाचे व्याज बुडते का?
(जुळे सोलापूर)

नाही. बँक दिवसाअखेरची शिल्लक धरते.

१० तारखेच्या आत पैसे भरले तरच त्या महिन्याचे व्याज मिळते, असे शेजारचे सांगतात. म्हणून मी १६ जानेवारीला आलेले ६० हजार घरातच ठेवू का?
(साखर पेठ)

अजिबात नको! हा प्रश्न दर महिन्याला कुणी ना कुणी पाठवतेच. बँकांमध्ये १० तारखेपासून महिनाअखेरपर्यंतची किमान शिल्लक धरायची पद्धत खरोखर होती, पण ती १ एप्रिल २०१० पासून बंद झाली. टपाल बचत खात्याला मात्र आजही तीच आहे आणि तिथे व्याजही वर्षातून एकदाच जमा होते. पोस्टातला नियम ऐकून लोक तो बँकेला चिकटवतात.

तुमचेच उदाहरण घेऊ. समजा, १ जानेवारीला खात्यात ४० हजार होते, १६ जानेवारीला ६० हजार भरले आणि २० फेब्रुवारीला मुलीच्या फीसाठी ८० हजार काढले. म्हणजे १५ दिवस ४० हजार, ३५ दिवस १ लाख आणि ३१ मार्चपर्यंतचे ४० दिवस २० हजार. शिल्लक गुणिले दिवस केले की अनुक्रमे ६ लाख, ३५ लाख आणि ८ लाख येतात, बेरीज ४९ लाख. तिला दराने गुणून ३६५०० ने भागायचे. दर २.५ टक्के असेल तर तिमाहीचे व्याज सुमारे ३३६ रुपये. जुन्या पद्धतीने जानेवारीला ४० हजार आणि पुढचे दोन महिने २०-२० हजारच धरले गेले असते, म्हणजे जेमतेम १६७ रुपये. ऐकीव नियमापायी पैसे घरात ठेवाल, तर त्या दिवसांचे व्याज गेलेच समजा. तुमच्या बँकेचा चालू दर मात्र शाखेत विचारूनच हिशेब मांडा.

जाहिरातीत ७ टक्के पाहून खाते उघडले, व्याज मात्र फारच कमी आले. हिशेब चुकला का?
(होटगी रोड)

बहुधा नाही, बारीक अक्षरातली ओळ वाचायची राहिली. १ लाखापर्यंत बँकेला सगळ्यांना एकच दर द्यावा लागतो, त्यावर टप्प्यांप्रमाणे वेगळे दर ठेवता येतात. जाहिरातीतला मोठा दर बऱ्याचदा वरच्या टप्प्यातल्या रकमेपुरताच असतो, आणि तो ठळक छापायचा ही जुनी क्लृप्ती. दरपत्रक घेऊन शाखेतल्या अधिकाऱ्यासमोर बसा.

तिमाही संपून महिना झाला, पासबुकात व्याज दिसत नाही. थांबू का?
(अक्कलकोट रोड)

आणखी कशाला थांबता? आधी पासबुक भरून घ्या, नोंद छापायची राहिलेली असू शकते. व्याज तिमाहीला किंवा त्याहून लवकर जमा व्हायलाच हवे, खात्यावर व्यवहार होत नसले तरी. नोंद नसेल तर शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोचेची सही घ्या. ३० दिवसांत उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. खाते पतसंस्थेत असेल तर हे नियम लागू नाहीत, तिथे सहकार निबंधकांच्या कार्यालयात चौकशी करा.