पीडीएफचं मराठी भाषांतर करताना क्रमांक आणि याद्या कशा टिकवायच्या?

प्रश्न: इंग्रजी पीडीएफ मराठीत करायची आहे, शीर्षकं, क्रमांक, याद्या त्याच क्रमाने कशा ठेवू?

पीडीएफमधून कॉपी-पेस्ट करू नका. फाइल वर्ड 2013 किंवा नंतरच्या आवृत्तीत थेट उघडा आणि प्रत्येक परिच्छेदावर त्याच जागी मराठी टाइप करा. पीडीएफमध्ये 3.2 सारखा क्रमांक बहुधा नुसता छापलेला मजकूर असतो, म्हणून आधी वर्डमध्ये त्या आकड्यावर क्लिक करून बघा. त्या पातळीचे सगळे आकडे राखाडी झाले तर यादी खरी, म्हणजे आपोआप क्रमांक लावणारी आहे. नाही झाले तर आकडे तसेच राहू द्या, आपोआप क्रमांक लावू नका. (a), (b) चं (अ), (ब) केलंत तर ‘कलम 3.2(b) पाहा’सारखे उल्लेखही शोधून बदला. चुका हमखास तिथेच राहतात. स्कॅन केलेल्या पीडीएफला मात्र आधी ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं, लागेल.