टिश्यूच्या कापडात उघड्या पाठीचा ब्लाऊज

प्रश्न: लग्नाला पाच आठवडे राहिलेत. सोनेरी टिश्यू घेतलंय आणि पाठ पूर्ण उघडी, खाली फक्त दीड इंचाची पट्टी, असा सोबतच्या फोटोतल्यासारखा घट्ट ब्लाऊज हवाय. टेलरकाका म्हणतात, या कापडात नाही होणार. खरंच होत नाही, की त्यांना शिवायचा कंटाळा आहे?

उत्तर:

काका खरं सांगताहेत. मी दादरला २६ वर्षं ब्लाऊज शिवतेय. मागच्या डिसेंबरात अगदी हेच कापड आणि हाच फोटो घेऊन एक नवरी आईबरोबर दुकानात आली होती. तिला जे दाखवलं तेच तुला सांगते.

कापड सुंदर होतं यात शंका नाही. उजेडात धरलं की पाण्यासारखं चमकायचं. पण उजेडात धरल्यावर पलीकडची ट्यूबलाइटही स्पष्ट दिसत होती, म्हणजे वीण विरळ. मी काठाजवळचं कापड दोन्ही अंगठ्यांत धरून उलटसुलट सरकवलं. धागे लगेच बाजूला झाले आणि मध्ये बारीक फट पडली. मी म्हटलं, "अगं, हे बाहीला चालेल, पाठीला नाही चालणार."

तिचा चेहरा उतरला. आई म्हणाली, "ताई, पैसे देऊन झालेत हो. काहीतरी करा." नुसतं नाही म्हणून कुणाचं समाधान होत नाही, हे मला इतक्या वर्षांत कळलंय. म्हणून मी तिच्यासमोरच त्याच कापडाच्या काठातून चार-चार इंचांचे दोन तुकडे कापले, अर्धा इंच माया ठेवून उभ्या धाग्याला समांतर शिवण मारली आणि तिच्या हातात दिले. म्हटलं, "दोन्ही बाजूंनी ओढ, जोर लाव."

तिने ओढलं. टाके तुटले नाहीत, कापडही फाटलं नाही. पण शिवणीला लागून दोन्ही बाजूंना जाळी पडली, शिडीच्या पायऱ्यांसारखी. ओढ सोडल्यावरही ती जाळी तशीच राहिली.

कारण असं, की तिच्या टिश्यूत उभे धागे रेशमी होते आणि आडवी जर. ही जर चपटी, गुळगुळीत. आडवी ओढ बसली की शिवणीजवळचे उभे धागे जरीवरून घसरतात. घट्ट विणीत धागे एकमेकांना धरून ठेवतात, या कापडात धरायला काही नाही.

आता डिझाइनकडे बघ. साध्या ब्लाऊजला पाठीवर सात-आठ इंच उंचीचं कापड असतं, छातीची सगळी ओढ त्यावर वाटली जाते. तुझ्या फोटोत तीच ओढ दीड इंचाच्या पट्टीवर येते. शिवाय पाठ उघडी म्हणजे आत ब्रा नाही, कप ब्लाऊजलाच शिवायचे. त्यामुळे ब्लाऊज नेहमीपेक्षा घट्ट ठेवावा लागतो, नाहीतर पुढून खाली घसरतो. म्हणजे सगळ्यात जास्त जोर सगळ्यात अरुंद जागी, आणि तिथे हे कापड.

आणि नवरी दिवसभर पुतळ्यासारखी उभी नसते ना. मी तिची पाठ मुंढ्यापासून मुंढ्यापर्यंत मोजली. हात खाली असताना १३ इंच. मग म्हटलं, समोर नवरा उभा आहे असं समज आणि हार घाल. हात पुढे गेले, टेप १४.५ वर. दीड इंच वाढलं! पाया पडायला वाकली की आणखी ओढ येते, आणि आपल्याकडे पाया पडायचं एकदाच नसतं. अंतरपाट दूर झाल्याबरोबर पहिलं काम हार घालण्याचं. पहिली जाळी तिथेच पडली असती.

"काकू, मग फ्युजिंग लावा ना," ती म्हणाली. रास्त विचारलं तिने, कारण बऱ्याच कापडांना त्याने खरंच बळ येतं. फ्युजिंग म्हणजे इस्त्रीने आतून चिकटवायचं कापड. उरलेल्या तुकड्यावर लावून दाखवलं. पारदर्शक कापडातून डिंकाचे ठिपके वर दिसायला लागले आणि इस्त्रीच्या उष्णतेने जर आकसून कापडाला सुरकुती पडली. बाजारातल्या बऱ्याच टिश्यूत जर म्हणजे प्लॅस्टिकची चमकती पट्टीच असते, तिला उष्णता सोसत नाही. दुहेरी शिवणीनेही भागत नाही. धागे टाक्याच्या बाहेर घसरतात, आणि सुईची भोकं मात्र वाढतात. टिश्यूत भोक पडलं की बुजत नाही, म्हणून एकदा शिवल्यावर उसवून फिटिंगही करता येत नाही.

मग मी तिला दोन वाटा सांगितल्या. पहिली, सगळा भार अस्तराने घ्यायचा. घट्ट विणीच्या सुती अस्तराचा ब्लाऊज आधी पूर्ण फिटिंगचा शिवायचा, पट्टीत आत सुती टेप घालायची, आणि टिश्यू वरून पाव इंच सैल बसवायचं, म्हणजे ओढ त्याच्यापर्यंत पोचत नाही. हे होतं, पण दीड इंचाच्या पट्टीत टेप आणि कापडाच्या घड्या मावत नाहीत, कड जाड दिसते. पट्टी निदान अडीच इंच करावी लागते. आणि सैल टिश्यूला अंगाला चिकटलेला तो फोटोतला नितळपणा येत नाही, हे मी लपवलं नाही.

दुसरी वाट, अंगाला त्याच रंगाचं रॉ सिल्क आणि बाह्या टिश्यूच्या. मला स्वतःला हीच बरी वाटते. बाही सैल, चुणीदार ठेवली की तिच्यावर फारसा ताण नसतो, आणि कापडाचा पारदर्शकपणा तिथेच खुलतो.

तिला दुसरी पटली. दोघी हिंदमाताला गेल्या, तिथून कापडाचा नमुना घेऊन आल्या. रॉ सिल्क म्हणजे आपोआप मजबूत असं नसतं, म्हणून त्याचीही तीच शिवणीची परीक्षा घेतली. जाळी पडली नाही, तेव्हाच आणायला सांगितलं. आधी मांजरपाटाचा ब्लाऊज कच्चा शिवला. तो घालून तिने आरशासमोर हार घातला, आईच्या पाया पडली, खुर्चीत बसून उठली. काखेत थोडं ओढत होतं, मुंढा पाव इंच सोडला आणि मगच रॉ सिल्कला कात्री लावली. पाठ तिला हवी तेवढीच खोल ठेवली. पट्टी दोन इंचांची झाली, वर मानेखाली एक दोरी दिली, म्हणजे खांदे उतरत नाहीत. टिश्यूच्या बाह्यांची कच्ची कड आत बंद करून शिवली, नाहीतर तिथून धागे सुटत राहतात.

लग्नानंतर ती ब्लाऊज घेऊन आली, घामाचे डाग कसे काढायचे विचारायला. मी आधी पट्टीची शिवण उलटून पाहिली. एक धागा सरकलेला नव्हता.

तू आता एवढं कर. कापड घेऊन काकांकडे जा आणि दोन तुकडे शिवून तुझ्या हाताने ओढून बघ. तुझ्या टिश्यूची वीण घट्ट निघाली तर पहिली वाट मोकळी आहे, जाळी पडली तर याच आठवड्यात अंगासाठी दुसरं कापड घे. पाच आठवड्यांत मांजरपाटाची फिटिंग आणि पक्की शिलाई दोन्ही आरामात होतात. पण वर आरीचं काम करून घेणार असशील तर कारागिराचे दिवस त्यातून आधी वजा कर, आणि ते काम रॉ सिल्कवरच करून घे. टिश्यूवर मोती-जरदोसीचं वजन टाकलंस तर कापड नुसत्या वजनानेच खाली ओढलं जाईल.